ऑप्शन चेनमध्ये भाव दिसत नाही? पुट-कॉल पॅरिटीने तो कसा काढायचा, आणि ‘फुकटचा नफा’ खरा की खोटा हे कसं ओळखायचं

निफ्टीची ऑप्शन चेन मोबाइलवर उघडली की मधल्या दहा-पंधरा स्ट्राइकचे आकडे सतत लुकलुकत असतात. स्क्रोल करत लांब गेलात की सगळं शांत होतं. एखाद्या स्ट्राइकच्या पुटचा भाव व्यवस्थित हलतोय, पण त्याच स्ट्राइकच्या कॉलपुढे नुसती आडवी रेघ आहे, किंवा असा आकडा आहे जो तासाभरात जागचा हललेला नाही. मग प्रश्न पडतो, की या कॉलचा आत्ताचा भाव नक्की किती असायला हवा?

याचं उत्तर काढायला बाजार वर जाणार की खाली हे माहीत असावं लागत नाही. ब्लॅक-शोल्स लागत नाही, व्होलॅटिलिटीचा अंदाजही लागत नाही. एक बेरीज, एक वजाबाकी आणि थोडं व्याज एवढ्यावर काम भागतं. या नात्याला पुट-कॉल पॅरिटी म्हणतात. हान्स स्टोल यांनी १९६९ मध्ये ते शोधनिबंधात मांडलं, आणि आज ऑप्शनचा भाव लावणारी जवळपास प्रत्येक सिस्टीम ते गृहीत धरते.

हेच नातं वापरून ‘बघा, बाजार चुकलाय, बिनजोखमीचे पैसे’ असे स्क्रीनशॉटही ग्रुपवर फिरतात. त्यातले बहुतेक का फसवे असतात ते आपण आकडे मांडून बघू. कॉल, पुट, स्ट्राइक, एक्स्पायरी हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. खालचे बाजारभाव उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण त्यांची ठेवण खऱ्या बाजारासारखीच आहे.

एक कॉल घेतला, एक पुट विकला

समजा तुम्ही २४,६०० चा कॉल विकत घेतला आणि त्याच एक्स्पायरीचा २४,६०० चाच पुट विकला. आता एक्स्पायरीच्या दिवशी काय होईल?

निफ्टी २५,००० वर बंद झाला, तर कॉलमधून ४०० पॉइंट मिळतील आणि विकलेला पुट शून्य होईल. हातात आले +४००. निफ्टी २४,००० वर बंद झाला, तर कॉल शून्य होईल आणि पुटपायी ६०० पॉइंट द्यावे लागतील. हातात आले −६००. दोन्ही वेळा उत्तर एकच आहे: निफ्टीचा शेवटचा भाव वजा २४,६००.

म्हणजे ही जोडी ऑप्शनसारखी वागतच नाही. २४,६०० ला निफ्टी फ्युचर घेतल्यावर जे झालं असतं, नेमकं तेच होतं. म्हणून तिला सिंथेटिक फ्युचर म्हणतात.

आता बाजारात खरा फ्युचर २४,६१० ला मिळतोय असं समजा. तुमची जोडी २४,६०० ला ‘घेतल्या’सारखी आहे, म्हणजे खऱ्या फ्युचरपेक्षा दहा पॉइंट स्वस्त. हा दहा पॉइंटचा फायदा एक्स्पायरीला मिळणार हे नक्की आहे, निफ्टी कुठेही जावो. मग कोणी तो फुकट का देईल? त्याची किंमत आजच मोजावी लागते, आणि ती कॉल आणि पुटच्या प्रीमियममधल्या फरकात बसलेली असते. पैसे महिन्याने मिळणार असल्यामुळे आजची किंमत व्याजाइतकी कमी, दहाऐवजी साधारण ९.९५. सूत्र असं:

```
C - P = (F - K) / (1 + r*t)
```

यात C म्हणजे कॉलचा भाव, P पुटचा, F त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरचा, K स्ट्राइक, r वार्षिक व्याजदर आणि t म्हणजे एक्स्पायरीपर्यंतचे दिवस भागिले ३६५. चारपैकी तीन भाव माहीत असले की चौथा निघतो.

एक अट मात्र आहे. ऑप्शन युरोपियन पद्धतीचा हवा, म्हणजे तो फक्त एक्स्पायरीलाच वापरता आला पाहिजे. निफ्टीचे ऑप्शन तसेच आहेत, त्यामुळे आपलं काम सोपं होतं. अमेरिकेतल्या शेअरच्या ऑप्शनला हे बरोबरीचं चिन्ह जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे काय गंमत होऊ शकते ते पुढे येईलच.

हरवलेला कॉल शोधू

एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. निफ्टी स्पॉट २४,५००, त्याच महिन्याचा फ्युचर २४,६१०, व्याजदर ६.५ टक्के धरू. आपल्याला २३,१०० च्या कॉलचा भाव हवाय. हा स्ट्राइक आत्ताच्या भावापासून खूप खाली आहे, त्यामुळे कॉल महाग आहे आणि त्यात फारसे सौदे होत नाहीत. २३,१०० चा पुट मात्र स्वस्त आहे. पोर्टफोलिओचा विमा म्हणून लोक असे पुट घेतात, म्हणून त्यात हालचाल असते. पुटचा भाव ४७.

फ्युचर वजा स्ट्राइक: २४,६१० − २३,१०० = १,५१०. महिन्याचं व्याज ०.०६५ × ३०/३६५ = ०.००५३४. आता १,५१० भागिले १.००५३४ केलं की साधारण १,५०२ येतात. त्यात पुटचे ४७ मिळवले, कॉलचा भाव आला १,५४९. फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होतं. स्क्रिप्ट लिहायची असेल तर एवढी पुरे:

```python
def missing_call(put, strike, fut, rate, days):
    df = 1 / (1 + rate * days / 365)
    return put + (fut - strike) * df

print(round(missing_call(47, 23100, 24610, 0.065, 30), 2))  # 1548.98
```

समजा अॅपवर या कॉलपुढे १,४३२.५० दिसतंय. आपल्या हिशोबापेक्षा ११६ पॉइंट कमी! लॉट ७५ चा धरला तर एका लॉटमागे आठ हजार सातशेच्या वर फरक. (लॉटचा आकार एनएसई बदलत असते. २०२४ मध्येच तो २५ वरून ७५ झाला. तुमच्या काँट्रॅक्टचा आकडा बघून घ्या.)

इथे घाई करू नका. तो १,४३२.५० हा आत्ताचा भाव नाहीच. तो एलटीपी आहे, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो आकडा. तो सौदा सकाळी झाला असेल किंवा कालही, जेव्हा निफ्टी शंभर-सव्वाशे पॉइंट खाली होता. त्यानंतर पुट हलला, फ्युचर हलला, पण या कॉलमध्ये एकही सौदा झाला नाही, म्हणून आकडा तिथेच गोठला. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही जुना कॅशे वाचताय.

त्या स्ट्राइकवर टॅप करून मार्केट डेप्थ उघडा. तिथे बिड १,५३८ आणि आस्क १,५६२ असं काहीतरी दिसेल. विकणारा १,५६२ मागतोय, घेणारा १,५३८ देतोय, आणि आपला १,५४९ बरोबर मध्ये बसलाय. बाजार चुकलेला नव्हता, स्क्रीनवरचा आकडा शिळा होता. मला विचाराल तर पॅरिटीचा सामान्य माणसाला खरा उपयोग हाच आहे. असा कॉल तुम्हाला खरंच घ्यायचा किंवा विकायचा असेल, तर मार्केट ऑर्डर टाकून १,५६२ मोजण्याऐवजी १,५४९ च्या आसपास लिमिट ऑर्डर लावता येते. १३ पॉइंट म्हणजे एका लॉटमागे ९७५ रुपये. भाव मिळेलच असं नाही, पण किती मागणं रास्त आहे ते कळतं.

स्पॉट वापरला की खोटा नफा दिसतो

कॉलेजच्या पुस्तकात हे सूत्र बहुतेक वेळा वेगळ्या रूपात असतं. तिथे फ्युचरऐवजी स्पॉट घेतात आणि फक्त स्ट्राइकवर व्याज लावतात: C − P = S − K/(1 + r×t). ते चूक नाही, पण त्यात लाभांश धरलेला नसतो. तेच सूत्र आपल्या आकड्यांवर लावून बघा.

२३,१०० भागिले १.००५३४ म्हणजे साधारण २२,९७७. स्पॉट २४,५०० मधून ते वजा केले, उरले १,५२३. त्यात पुटचे ४७ मिळवले की १,५७०. मघाशी आले होते १,५४९. म्हणजे एकाच कॉलच्या दोन ‘बरोबर’ किमती, आणि मध्ये सुमारे २१ पॉइंटचा फरक. एका लॉटला दीड हजार रुपयांच्या वर.

हे २१ पॉइंट कुठून आले? निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांपैकी काही कंपन्या या महिन्यात लाभांश देणार आहेत. शेअर ज्या दिवशी एक्स-डिव्हिडंड होतो त्या दिवशी त्याचा भाव साधारण तेवढ्याने उतरतो, आणि निफ्टी ५० हा नुसत्या भावांचा निर्देशांक असल्यामुळे तो लाभांश परत मिळवून घेत नाही. फ्युचर घेणाऱ्याला लाभांश मिळत नाही, म्हणून फ्युचरचा भाव तेवढ्याने आधीच कमी लागलेला असतो. आपल्या उदाहरणात नुसतं व्याज धरलं तर फ्युचर २४,६३१ च्या आसपास असायला हवा होता, पण तो आहे २४,६१०. बाजाराने लाभांश मोजून टाकलाय. पुस्तकी सूत्रात तो आपण मोजला नाही, आणि तीच आपली चूक ‘आर्बिट्राज’ म्हणून दिसली.

फ्युचर वापरण्याचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. व्याजदर नक्की किती धरायचा यावर लोक वाद घालतात. समजा ६.५ ऐवजी ७ टक्के धरला. स्पॉटच्या सूत्रात उत्तर साडेनऊ पॉइंटने बदलतं, कारण व्याज पूर्ण २३,१०० वर लागतं. फ्युचरच्या सूत्रात ते लागतं फक्त १,५१० वर, त्यामुळे उत्तर जेमतेम ०.६ पॉइंटने हलतं. म्हणजे दर थोडा चुकला तरी बिघडत नाही.

वीकली ऑप्शनचा फ्युचर कुठून आणायचा?

आता खरी अडचण. फोनवर ट्रेड करणारे बरेच जण वीकली ऑप्शन बघतात, आणि निफ्टीचा वीकली फ्युचर नसतो. मग लोक महिन्याचा फ्युचर घेऊन वीकली ऑप्शनशी ताडून बघतात. एकाची मुदत सहा दिवसांची, दुसऱ्याची महिन्याची, त्यामुळे व्याज वेगळं आणि लाभांशही वेगळा. अशा हिशोबात दिसणाऱ्या फरकाला काही अर्थ नाही.

यावरचा उपाय मात्र झकास आहे. पॅरिटी उलटी चालवा आणि वीकली फ्युचर ऑप्शनमधूनच तयार करा. स्पॉटजवळचा असा स्ट्राइक निवडा जिथे कॉल आणि पुट दोन्हींमध्ये भरपूर सौदे होतात. सहा दिवस उरलेत, २४,५०० चा कॉल १७२ आणि पुट १४८. फरक २४. सहा दिवसांचं व्याज ०.१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे नगण्य. तेव्हा या एक्स्पायरीसाठी बाजाराच्या मनातला फ्युचर आहे २४,५०० + २४ = २४,५२४.

आता हाच आकडा दूरच्या स्ट्राइकला लावा. २४,९०० च्या पुटपुढे रेघ आहे, पण कॉल ३० ला चालू आहे. २४,५२४ − २४,९०० = −३७६, व्याज काढून −३७५.६. म्हणजे पुट कॉलपेक्षा ३७५.६ ने महाग हवा: ३० + ३७५.६ = ४०५.६०. झालं.

यात लाभांशाचा अंदाज लागला नाही, बाहेरचा फ्युचर लागला नाही. स्पॉटजवळच्या दोन-तीन स्ट्राइकवरून हा फ्युचर काढून सरासरी घेतली तर अजून बरं. दोन गोष्टी सांभाळा. चारही भाव एकाच क्षणाचे असू द्या, आणि एलटीपीऐवजी बिड आणि आस्कच्या मधला आकडा घ्या. निफ्टी सेकंदाला दोन-चार पॉइंट हलत असताना पाच सेकंदांच्या फरकाने टिपलेले आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत.

बिड-आस्क तपासूनही फरक उरला तर?

आता ज्या गोष्टीसाठी बरेच जण इथपर्यंत वाचत आलेत ती. महिन्याच्या उदाहरणाकडे परत जाऊ. स्ट्राइक २४,६००, एक लॉट. या वेळी आपण शिळे भाव वापरणार नाही, ज्या भावाला खरंच सौदा होईल तेच घेऊ. कॉल विकणारा ३५७ मागतोय. पुट घेणारा ३५८ देतोय. फ्युचर घेणारा २४,६०९ देतोय.

कॉल घ्या, पुट विका: एक पॉइंट उलट तुमच्याच हातात आला. म्हणजे सिंथेटिक फ्युचर २४,५९९ ला मिळाला. खरा फ्युचर २४,६०९ ला विका. निफ्टी कुठेही जावो, एक्स्पायरीला १० पॉइंट तुमचे. १० × ७५ = ७५० रुपये. या सौद्याला रिव्हर्सल म्हणतात. (फरक उलट्या बाजूचा असेल तर फ्युचर घ्यायचा, कॉल विकायचा, पुट घ्यायचा. त्याला कन्व्हर्जन म्हणतात.)

सूत्राप्रमाणे हे शंभर टक्के खरं आहे. आता खर्च लावू. मी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले दर धरतोय. हे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, तेव्हा तुमच्या वेळचे दर टाकून हाच हिशोब करा.

फ्युचर विकताना पूर्ण किमतीवर ०.०२ टक्के एसटीटी. एका लॉटची किंमत साडेअठरा लाखांच्या जवळ जाते, त्यामुळे टक्केवारी इवलीशी दिसली तरी कर होतो सुमारे ३६९ रुपये. ७५० मधले निम्मे इथेच गेले. पुट विकताना प्रीमियमवर ०.१ टक्के, ते २७ रुपये. तीन ऑर्डरचं प्रत्येकी २० रुपये ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, त्यांवरचा जीएसटी, स्टॅम्प ड्युटी असं किरकोळ सगळं मिळून १३४ च्या आसपास. एकूण ५३०. शिल्लक राहिले २२० रुपये.

अजून एक्स्पायरी बाकी आहे. समजा पहिल्या पंधरा दिवसांत फ्युचर ८०० पॉइंट वर गेला आणि निफ्टी शेवटी २५,४०० वर बंद झाला. कागदावर तुमचं काहीच बिघडलेलं नाही, फ्युचरमध्ये जेवढं गेलं तेवढं कॉलमध्ये आलं. पण पैसे जायची वेळ आणि यायची वेळ वेगळी आहे. फ्युचरचा तोटा रोजच्या रोज रोखीने कापला जातो, त्याला मार्क-टू-मार्केट म्हणतात. कॉलचा फायदा मात्र तो विकेपर्यंत किंवा एक्स्पायरीपर्यंत फक्त स्क्रीनवर हिरवा दिसतो. म्हणजे मधल्या काळात तुम्हाला ८०० × ७५ = ६०,००० रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. पंधरा दिवस ते अडकले, तर ६.५ टक्क्यांनी त्यांचं व्याजच १६० रुपये.

शिवाय एक्स्पायरीला कॉल आपोआप वापरला जातो. तेव्हा त्याच्या आंतरिक मूल्यावर, म्हणजे आपल्या ८०० पॉइंटवर, ०.१२५ टक्के एसटीटी घेणाऱ्याला लागतो. ६०,००० वर ७५ रुपये.

२२० − १६० − ७५ = उणे १५. दहा पॉइंटचा ‘बिनजोखमीचा’ सौदा महिनाभर सांभाळून हातात काय, तर पंधरा रुपयांचा तोटा. मार्जिन म्हणून अडकलेल्या रकमेचा हिशोब तर मी अजून केलाच नाही. निफ्टी खाली गेला असता तर चित्र बरं दिसलं असतं हे खरं, कारण तेव्हा फ्युचरमधून रोख मिळते. पण मग नफा निफ्टीच्या दिशेवर अवलंबून राहिला, आणि तो बिनजोखमीचा कसला!

तरी आपण मानून चाललोय की तिन्ही ऑर्डर ठरलेल्या भावालाच लागल्या. फोनवर एकामागून एक तीन ऑर्डर टाकायला किती वेळ लागतो ते स्वतः मोजून बघा. पहिली लागली आणि दुसरी लागेपर्यंत निफ्टी सहा पॉइंट हलला, तर सगळा हिशोब तिथेच संपला. याला लेग रिस्क म्हणतात. समोर ज्यांच्या मशीन एक्स्चेंजच्या शेजारीच बसवलेल्या आहेत आणि ज्यांचे तिन्ही लेग क्षणात जातात, अशा कंपन्या आहेत. खरा दहा पॉइंटचा फरक तुमच्या स्क्रीनवर पोचून टिकला असेल, तर आधी आपला हिशोब तपासायचा.

मात्र या खर्चातून एक गोष्ट समजते. ५३० रुपये भागिले ७५ म्हणजे सात पॉइंट. कॉल-पुटचा फरक सूत्रापासून पाच-सहा पॉइंट ढळला, तरी फ्युचर विकून तो सरळ करणं परवडत नाही, कारण त्यातले जवळपास पाच पॉइंट निव्वळ फ्युचरच्या एसटीटीचे आहेत आणि तो मोठ्या कंपन्यांनाही चुकत नाही. म्हणून खऱ्या बाजारात पॅरिटी ही एक रेघ नसून पट्टा असतो. तुम्ही काढलेला १,५४९ हा त्या पट्ट्याचा मध्य आहे. उत्तर १,५४६ किंवा १,५५३ च्या भावाशी जुळलं, तरी ते बरोबरच समजायचं.

आणि पाच हजार डॉलरचे उणे सत्तावन्न हजार

युरोपियन पद्धतीची अट मी वर का घातली ते आता सांगतो. वीकलीसाठी आपण एका स्ट्राइकवरून फ्युचर काढून दुसऱ्याला लावला. तसंच एका स्ट्राइकवर सिंथेटिक फ्युचर घेऊन दुसऱ्यावर विकला, तर एक्स्पायरीला मिळणारी रक्कम ठरलेली असते: दोन स्ट्राइकमधलं अंतर. या चार पायांच्या सौद्याला बॉक्स स्प्रेड म्हणतात. निफ्टी वर जावो वा खाली, बॉक्सची किंमत बदलत नाही. म्हणून तो जवळजवळ मुदत ठेवीसारखा, आणि उलटा केला तर कर्जासारखा वागतो.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणाने रॉबिनहूड अॅपवर यूव्हीएक्सवाय या फंडाच्या ऑप्शनमध्ये असे बॉक्स विकले. खात्यात होते पाच हजार डॉलर. कागदावर नफा पक्का दिसत होता आणि यात नुकसान होऊच शकत नाही असं त्याने लिहूनही टाकलं. पण ते ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे घेणारा एक्स्पायरीची वाट न बघता कधीही ते वापरू शकतो. समोरच्यांनी विकलेले पाय आधीच वापरले, चौकटीचा एक भाग निखळला, आणि उरलेली पोझिशन उघडी पडली. तोटा सत्तावन्न हजार डॉलरच्या वर गेला. त्यानंतर त्या अॅपने बॉक्स स्प्रेड बंदच केले.

बेरीज-वजाबाकी त्याची बरोबर होती. ज्या ऑप्शनला ती लागू होत नाही त्याला त्याने ती लावली. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये हा विशिष्ट धोका नाही, कारण ते मध्येच कोणी वापरू शकत नाही. पण भारतातल्या अॅपवरून अमेरिकेतल्या शेअरचे ऑप्शन बघत असाल, तर तिथे C − P चं सूत्र साधारण अंदाज म्हणून वापरा. तिथे पॅरिटी बरोबरी सांगत नाही, फक्त वरची आणि खालची मर्यादा सांगते. लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये, किंवा खूप महाग झालेल्या पुटमध्ये, या दोन मर्यादांमध्ये बरंच अंतर असू शकतं.

करून बघायचं असेल तर पैसे लावायची गरज नाही. बाजार चालू असताना चेनमधले स्पॉटजवळचे पाच स्ट्राइक घ्या, प्रत्येकाच्या कॉल-पुटच्या बिड-आस्कचा मध्य टिपा आणि पाच फ्युचर काढा. ते एकमेकांपासून किती लांब येतात ते बघा. मग तेच एलटीपी घेऊन करा, आणि दूरचे, हालचाल नसलेले दोन स्ट्राइक त्यात मिसळा. दुसऱ्या यादीत जो आकडा वेडावाकडा येईल, त्याच्या शेवटच्या सौद्याची वेळ अॅपमध्ये दिसत असेल तर उघडून बघा.